अनपेक्षित प्रश्नांची तालीम

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची शाळेत ख्याती एवढीच होती की त्यांच्या तासाला कुणी झोपत नाही आणि कुणी जागंही राहत नाही. मुलं मधल्या कुठल्यातरी अवस्थेत बसून फळ्यावरचं उतरवून घेत. बाईंनाही त्यात काही वावगं वाटत नसे. धडा संपायचा, चाचणी व्हायची, निकाल लागायचा. सगळं कसं सुरळीत.

मग प्रशिक्षण आलं. तालुक्याभरातल्या शिक्षकांना एका सभागृहात बसवून, तज्ज्ञ म्हणून आलेल्या गृहस्थांनी, शिक्षकाने बोलू नये या विषयावर सकाळपासून दुपारपर्यंत न थांबता भाषण केलं. मुलांनी प्रश्न विचारले पाहिजेत, अंदाज बांधले पाहिजेत, हाताने करून पाहिलं पाहिजे, उत्तर शेवटी त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. एका शिक्षकाने शंका विचारायला हात वर केला, तेव्हा वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत असं त्यांनी सांगितलं.

बाई मात्र हे बोलणं मनावर घेऊन घरी आल्या. त्यातच हेडसरांनी जाहीर केलं की तपासणीचे साहेब येणार आहेत आणि त्यांना शोधक पद्धतीचा नमुना पाठ दाखवायचा आहे. तो मान बाईंच्या वाट्याला आला. त्यांच्या वर्गाच्या भिंतींना नुकताच रंग लागला होता, हे त्यामागचं खरं कारण सगळ्या स्टाफला ठाऊक होतं.

घरात मिळेल त्या सामानाचा प्रयोग हवा होता. बाईंनी फ्रिजमधून बर्फाचे दोन खडे काढले, एक वाटीत ठेवला आणि दुसरा नवऱ्याच्या लोकरी मोज्यात घातला. सासूबाई समोर बसून बघत होत्या. लोकर ऊब देते, तेव्हा मोज्यातला बर्फ आधी वितळणार, हे त्यांनी न विचारता सांगून टाकलं. नवऱ्याने मोजा आपला आहे एवढंच निदर्शनास आणलं.

पहिला प्रयोग फसला. मोज्यातलं पाणी मोज्यानेच पिऊन टाकलं, आणि किती वितळलं ते कुणाला सांगता येईना. शिवाय वाटीतला खडा मुळातच बारका होता. बाईंनी पुन्हा मांडामांड केली. एकाच ट्रेमधले सारखे खडे घेतले, दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधले, एक मोज्यात सरकवला, दुसरा उघडाच ठेवला. पंखा बंद केला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. थोड्या वेळाने पिशव्यांतलं पाणी औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या झाकणाने मोजलं. उघड्या पिशवीत पाणी बरंच जास्त निघालं. मोज्यातला खडा अजून गुटगुटीत होता.

सासूबाईंनी मोजा उलटापालटा करून पाहिला.

"मोज्यात खोट आहे," त्या म्हणाल्या. "माझी शाल घे."

शालीतही तेच झालं. मग त्यांनी शाल झटकून खांद्यावर घेतली आणि स्वयंपाकघरात जाता जाता त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ही शाल मला ऊब देत नव्हती, माझीच ऊब मला परत देत होती."

बाई चाट पडल्या. लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही, फक्त आतली बाहेर आणि बाहेरची आत जायला उशीर लावते, हे फळ्यावर लिहून त्यांचे खडू झिजले होते. इतक्या नेमक्या शब्दांत ते वर्गात कधी कुणी म्हटलं नव्हतं, कारण वर्गात कुणाला म्हणायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी त्यांनी मोठ्या हौसेने पाठाचं टाचण काढलं: आधी मुलांनी अंदाज सांगायचा आणि कारण द्यायचं, मग काय काय सारखं ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं, मग मोजायचं, आणि अंदाज चुकला तर का चुकला यावर बोलायचं.

हेडसरांनी टाचण वाचलं आणि कपाळाला हात लावला. मुलं काय विचारतील, ही जागा रिकामी कशी, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी सांगितलं की ते आधी कळलं तर पाठाला अर्थच राहत नाही. हेडसर समजूतदार माणूस. ते म्हणाले की अर्थ नंतर बघू, साहेबांसमोर मुलं मुकी बसली तर शाळेचं नाक कापलं जाईल.

मग तालमी सुरू झाल्या. उत्स्फूर्त प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून वाटले गेले. पहिल्या बाकावरच्या मुलीने कुतूहलाने विचारायचं, मधल्या रांगेतल्या मुलाने आश्चर्याने विचारायचं. दोघातिघांनी मुद्दाम चुकीचा अंदाज सांगायचा आणि निकाल पाहून "अरेच्चा" म्हणायचं. चुकीच्या अंदाजाची चिठ्ठी मिळालेल्या एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी भेटायला आले. आमच्या मुलाला बरोबर उत्तर का नाही दिलं, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. शेवटी चुकीचे अंदाज कच्च्या मुलांना आणि बरोबर अंदाज हुशार मुलांना, अशी न्याय्य वाटणी झाली. तिसऱ्या तालमीपर्यंत बर्फ आणायच्या आधीच "अरेच्चा" यायला लागलं.

त्याच वर्गात वकील नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. तिला चिठ्ठी दिलीच नव्हती, कारण ती कशावरही वाद घालते. तालीम संपल्यावर ती बाईंजवळ आली.

"बाई, सगळ्यांना माहीतच आहे, तर बर्फ कशाला वाया घालवायचा?"

तो प्रश्न डोक्यात घेऊनच बाई घरी आल्या आणि भांडी घासायला लागल्या. भाजी चिरायची लाकडी फळी धुऊन, पुसून उभी केली होती. जाड बुडाचं अॅल्युमिनियमचं पातेलंही कोरडं करून पालथं ठेवलं होतं. दोन्ही कधीची एकाच ओट्यावर होती, पण पातेल्याला हात लागला तर ते गार लागलं आणि फळी तशी लागली नाही. बर्फ कशावर आधी वितळेल? बाईंच्या मनाने पटकन सांगितलं, फळीवर, पातेलं गार आहे ना. आणि दुसऱ्या क्षणी त्या ओशाळल्या. धातू उष्णतेचे सुवाहक असतात हे वाक्य त्या झोपेतही म्हणू शकल्या असत्या. पण त्यांच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लगेच बर्फ ठेवून पाहिला, खडे अदलाबदल करून पुन्हा पाहिला, आणि सकाळी पातेलं आणि फळी पिशवीत घालून शाळेत गेल्या. मोजा घरीच राहिला.

साहेब मागच्या बाकावर, हेडसर त्यांच्या शेजारी. बाईंनी टेबलावर पातेलं पालथं घातलं, बाजूला फळी ठेवली आणि मुलांना एकेक करून दोन्हींना हात लावायला बोलावलं. पहिल्या बाकावरची मुलगी सवयीप्रमाणे उठली आणि कुतूहलाने म्हणाली, "बाई, मोज्यातला बर्फ उशिरा का वितळतो?"

मोजा कुठेच दिसत नव्हता. हेडसरांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी तिला प्रेमाने खाली बसवलं आणि आज मोजा नाही, आज मलाही तुमचे अंदाज ठाऊक नाहीत, असं सांगितलं. वर्गात चुळबुळ सुरू झाली. चिठ्ठ्या खिशांतून बाहेर आल्या, निरुपयोगी म्हणून परत आत गेल्या. मग एकजण चाचरत म्हणाला की फळीवर, कारण पातेलं गार आहे. बहुतेकांना ते पटलं. वकील म्हणाली की गार आहे कशावरून, गार लागतंय एवढंच. तेव्हा प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून, कापसाखाली दाबून, दोन्हींचं तापमान पाहिलं. जवळजवळ सारखंच निघालं. आता वर्गात खरोखरच गोंधळ उडाला.

साहेब लिहायचं सोडून पुढे आले. त्यांनी आधी पातेल्याला, मग फळीला, मग पुन्हा पातेल्याला हात लावला.

"थर्मामीटर बिघडलाय," ते म्हणाले. "बर्फ फळीवरच आधी वितळणार."

बर्फ ठेवला. पातेल्यावरचा खडा बघता बघता घसरू लागला, त्याच्याभोवती पाणी साठलं. फळीवरचा तसाच ऐटीत बसला होता. साहेबांनी खडे सारखे नसतील अशी शंका काढली. बाई काही बोलायच्या आत वकील म्हणाली की मग नवे खडे घ्या आणि साहेब, तुम्हीच निवडा. साहेबांनी अगदी पारखून निवडले. तेच झालं.

आता बोलणं मुलांच्या हातात गेलं. मागून कुणीतरी म्हणालं की पातेलं खोलीतली उष्णता बर्फाला भराभर देतंय. मग ते हाताला गार का लागतं, असं दुसऱ्याने विचारलं. मग कच्च्या मुलांपैकी, चुकीच्या अंदाजाची चिठ्ठी मिळालेला एकजण हळूच म्हणाला, "आपल्या हाताची उष्णता पण ते भराभर ओढून घेतं, म्हणून." चिठ्ठीप्रमाणे त्याला अरेच्चा म्हणायचं होतं, पण ते दुसऱ्याच मुलाने म्हटलं, आणि ते तालमीतलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली. कुणी उठलं नाही. बाईंच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

आठवड्याने शेरा आला. वर्गात शिस्त नव्हती, पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही, विद्यार्थ्यांनी अनपेक्षित प्रश्न विचारले. गुण मध्यम. सर्वात जास्त गुण शेजारच्या शाळेला मिळाले, तिथे मुलांनी एका सुरात अरेच्चा म्हटलं होतं. बाईंना वाईट वाटलं, पण फार नाही. वर्गात आता कुणी संगमरवराचा तुकडा आणत होतं, कुणी थर्माकोल, आणि बरेचदा बाईंनाही उत्तर माहीत नसे. ते तसं सांगायची त्यांना सवय होऊ लागली होती.

पण साहेबांना तो बर्फ काही चैन पडू देईना. त्यांनी सगळ्या शाळांना परिपत्रक काढलं: पातेलं आणि फळी हा पाठ सर्वत्र घ्यावा, आणि अनपेक्षित प्रश्न आधी ठरवून विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यावेत. टाइप करणाऱ्याकडून दोन रकान्यांची अदलाबदल झाली. अपेक्षित उत्तर छापलं गेलं: बर्फ लाकडावर लवकर वितळतो.

शाळाशाळांत तालमी झाल्या. मुलांनी एका आवाजात लाकूड म्हटलं, पातेल्यावर बर्फाचं पाणी झालं, तपासनिसांनी उत्तर परिपत्रकाशी ताडून पाहिलं आणि पूर्ण गुण दिले.

एका संध्याकाळी बाईंना लांबच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा फोन आला. ओळख नव्हती, नंबर कुणाकडून तरी मिळवला होता. ती रडकुंडीला आली होती. उद्या तपासणी होती, आणि कितीही वेळा केलं तरी बर्फ पातेल्यावरच आधी वितळत होता.

"ताई, माझं काय चुकतंय?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "बर्फापर्यंत परिपत्रक पोचलं नसेल. उद्या मुलांनाच विचारा, काय दिसतंय."

मग ती दबक्या आवाजात म्हणाली की मुलांनी खरंच जे दिसतंय ते सांगितलं तर गुण जातील. बाईंनी आपले किती गेले ते तिला सांगून टाकलं, आणि थर्मामीटर कापसाखाली कसा दाबायचा तेही समजावलं. तिने सगळं लिहून घेतलं. तिने पुढे काय केलं ते बाईंना कधी कळलं नाही. मात्र त्या शाळेला त्या वर्षी मध्यम गुण मिळाले, एवढं यादीत दिसलं.