घराचा पगार

घर बँकेकडे तारण ठेवायचं बाबांनी ठरवलं तेव्हा आम्हाला विचारलं नाही, फक्त सांगितलं. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, बडा फुहारा बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात उभं राहून त्यांचं आयुष्य गेलं होतं. मालक माणूस चांगला, पण नोकरी खासगी, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या कमाईतून शहराच्या कडेला महाराजपूरला बांधलेलं तीन खोल्यांचं घर, एवढीच त्यांची मिळकत. भाऊ बंगळूरला होता आणि मी इथेच एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्याकडे मागायचं नाही, हे त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

बँकेत मी त्यांच्यासोबत गेले होते, आईही होती. अधिकाऱ्याने नीट समजावून सांगितलं. साध्या गृहकर्जात आपण हप्ते भरतो आणि कर्ज उतरत जातं. इथे बँक दर महिन्याला पैसे देणार, दिलेली प्रत्येक रक्कम कर्जात जमा होणार, त्यावर व्याज आणि मग व्याजावर व्याज. कर्ज वाढतच जाणार. मात्र जोवर दोघांपैकी एक जण जरी त्या घरात राहत असेल, तोवर बँक परतफेड मागणार नाही.

“पैसे दहा वर्षं मिळतील किंवा पंधरा,” अधिकारी हिंदीत म्हणाला. “पंधरा घेतलीत तर महिन्याची रक्कम कमी बसेल.”

बाबा हसले. “आमच्या खानदानात पंचाहत्तरी कोणी पाहिली नाही, साहब. पंधरा वर्षं घेऊन करू काय? दहाच लिहा.”

बाबा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते आणि आई साठीची. सहकर्जदार म्हणून तिचीही सही झाली. गिऱ्हाईक मागेल त्यापेक्षा चार बोटं जास्त कापड फाडणारे बाबा मुदतीचं माप घेताना फक्त स्वतःकडे बघत होते. आम्ही तिघंही तिथे बसलो होतो आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला पैसे जमा झाले की आई म्हणायची, “घराचा पगार आला.” त्या पैशात दोघांचं व्यवस्थित चालायचं. घरपट्टी, विमा, छताची डागडुजी वेळेवर करणं ही बँकेने घातलेली अट होती आणि बाबा ती चोख पाळायचे. पुढे बाबा गेले. विहारातले भंतेजी आले, वंदना झाली, नातेवाईक परतले. आईच्या नावावर पगार येत राहिला.

आणि मग एका महिन्यात तो आला नाही. मी तिला बँकेत घेऊन गेले. जुना अधिकारी बदलून गेला होता. नव्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, “माताजी, मुदत पूरी हो गई.”

“पूरी म्हणजे? मी तर जिती आहे ना!”

“रहिए ना माताजी, घर में आराम से रहिए. कोई नहीं निकालेगा. बस, पैसा अब नहीं आएगा.”

मी विचारलं, घराची किंमत पुन्हा काढून काही वाढवता येईल का? बाईंनी आकडा दाखवला. बँकेने जेवढं दिलं होतं, त्याच्या जवळपास पाऊणपट व्याज त्यावर चढलेलं होतं. पैसे थांबले तरी ते वाढणारच होतं. घर जुनं, वस्ती शहराच्या कडेची. आणखी द्यायला जागा नाही, असं त्या म्हणाल्या आणि ते खोटं नव्हतं.

परत येताना ऑटोत आई म्हणाली, “तुझ्या बापाने स्वतःचं माप घेतलं अन् मला उघडं ठेवलं.” आणि पुढे, “दुकानात असं करते तर मालकाने हाकलून दिलं असतं त्यांना.” ती हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून मी दर महिन्याला तिच्या हातात पैसे ठेवू लागले. ती घ्यायची, पण त्यांना पगार म्हणाली नाही. भाऊ फोनवर म्हणायचा, “आई, इकडे ये. काहून एकटी राहून राहिली?” तिचं उत्तर ठरलेलं असायचं: “मी हलली की बँक येते. माझ्या घरातून मला कोणी काढायचं नाही.”

काही वर्षांनी ती मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी तिला कॉलेजजवळच्या माझ्या भाड्याच्या खोल्यांत आणलं. दवाखाना जवळ होता आणि मला नोकरी सोडता येत नव्हती. महिने जात राहिले. ती वॉकरवर चार पावलं टाकायची आणि धापा टाकत बसायची. मी तिला बरं होईपर्यंत थांब म्हणत होते. ती बरी होणार नाही, हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं.

बँकेचा माणूस दरवर्षीप्रमाणे घर पाहायला गेला, तर कुलूप. बँकेतल्या त्या बाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती. सलग वर्षभर आई घरात राहिली नाही, तर तिने घर कायमचं सोडलं असं बँक धरते आणि पूर्ण कर्ज देय होतं, एवढंच त्यांनी सांगितलं.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, “किती दिवस उरले?”

“आहेत थोडे.”

“मग चलो. बसून काहून राहिली?”

मी माझ्या खोल्या सोडल्या आणि तिच्यासोबत महाराजपूरला राहायला गेले. बंद घरात ओल चढली होती, मागच्या खोलीचं प्लास्टर खाली आलं होतं. दुरुस्तीला माझी साठवण लागली. कॉलेजच्या वेळात शेजारच्या काकू तिच्यापाशी बसायच्या. आई खाटेवरून सगळ्या घरावर हुकूम चालवत होती. त्या काही महिन्यांत ती जेवढी बोलली तेवढी माझ्याकडे असताना बोलली नव्हती. नंतर जेवण तुटलं. पाठीला जखमा झाल्या, त्यांचा वास खोलीत राहू लागला. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा. तिने माझा हात धरून ठेवला आणि मान हलवली. मी केलं नाही. ती एका दुपारी गेली, स्वतःच्या घरात.

बँकेचं पत्र आलं. वारसांना पहिली संधी असते: सगळी रक्कम भरा आणि घर ठेवा, नाहीतर बँक विकेल आणि कर्ज वजा जाता उरेल ते तुमचं. कमी पडलं तरी तुमच्याकडून मागणार नाही. आम्हाला काही महिने दिले होते. त्या महिन्यांचंही व्याज चढतच होतं.

“ताई, तू म्हणशील तर मी लोन काढतो,” भाऊ म्हणाला. त्याची मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाणार होती.

“तू येऊन राहणार आहेस इथे?”

“ते कसं जमेल, ताई?”

“मग राहू दे.”

घर एका रेल्वेतल्या कुटुंबाने घेतलं. उरलेले पैसे थोडे होते, दोघांच्या खात्यात निम्मे निम्मे आले. ताबा द्यायच्या दिवशी नव्या मालकीणबाईंनी विचारलं, पाणी किती वाजता येतं. मी सांगितलं. मागची खोली पाडून तिथे जिना काढायचा, असं त्यांचं आपसात चाललं होतं. आई म्हणाली होती तसंच झालं, तिला कोणी घराबाहेर काढलं नाही. मी माझी पिशवी उचलली. भाड्याची खोली अजून मिळाली नव्हती, म्हणून त्या रात्रीपुरतं शेजारच्या काकूंकडे राहायला गेले.