पाहुणीला लिहिलेलं पोर्तुगीज पत्र

शाळेच्या एक्स्चेंजवर ब्राझीलहून आलेली मुलगी सहा महिने आमच्या बुकित तिमाहच्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये राहिली. ती निघाली तेव्हा मी हट्टानं तिला पोर्तुगीजमध्ये आभाराचं पत्र लिहिलं. तिच्या आईला इंग्रजी येत नाही आणि पत्र आई वाचणार हे नक्की होतं. पोरगी आमच्याकडे परकी म्हणून राहिली नाही, एवढं त्या माउलीला कळायला हवं होतं. माझं पोर्तुगीज फोनवरच्या अ‍ॅपपुरतं, पण मला कोण अडवणार?

पत्र तपासायला मी खालच्या मजल्यावरच्या ब्राझिलियन शेजारणीकडे गेले. ती मुळात शिक्षिका, त्यामुळे पेन हातात घेऊनच बसली. 'हृदय'साठीच्या पोर्तुगीज शब्दात सी खालची शेपटी आणि ए वरची लाट मी गाळली होती. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा'. मी पुरुष झाले होते. हे सगळं मी मुकाट मान्य केलं. मग तिनं विचारलं, "हे पत्र बँकेकडून आलंय का?"

मला रागच आला. जन्मभर ऑफिसच्या ईमेल लिहिलेली बाई दुसरं काय लिहिणार? तिनं वरचं 'प्रेझाडा', म्हणजे 'माननीय', खोडून 'केरिदा' केलं, म्हणजे 'लाडके'. खालचं 'आपली विश्वासू' थाटाचं जाऊन 'मायेनं, घट्ट मिठी' आलं. मधल्या एका वाक्यावर मात्र ती अडून बसली. 'तू आम्हाला कधीच त्रास दिला नाहीस.'

"आमच्यात पाहुण्याचं याहून मोठं कौतुक नसतं," मी म्हटलं.

"पाहुण्याचं," ती म्हणाली. "खरंच कधी त्रास दिला नाही तिनं?"

दिला होता की. एका संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी गेली आणि फोन बंद. मी घराजवळच्या MRT मेट्रो स्टेशनबाहेर फेऱ्या मारत होते, जीव नुसता टांगणीला. ती दिसल्यावर तिला तिथंच चक्क मराठीतून झाडलं. मग घरी आणून वरणभात वाढला.

"हे लिही."

"तिच्या आईला कळवू, मी तुझ्या लेकीला झापलं म्हणून?"

"तेच कळव."

मनात धाकधूक होती, तरी लिहिलं. 'भीतीनं मेलेच होते' हे वाक्य तिकडे जसं म्हणतात तसंच तिनं बसवून दिलं.

निघायच्या सकाळी मुलीनं पत्र वाचलं, हसली आणि तिथल्या तिथं आईला फोन लावून मोठ्यानं वाचायला लागली. स्टेशनचा प्रसंग आला तसं आईनं तिला मध्येच थांबवलं. मला वाटलं, झालं, घातला घोळ. मग पलीकडून ती भराभर काहीतरी बोलली. माझ्या अ‍ॅपला ते झेपण्यासारखं नव्हतं.

"आँटी, मम्मी म्हणते," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मला पाठवताना तिला एकच काळजी होती. तिकडे मला रागवायला कोणी असेल का."