अर्धी राहिलेली बांग

रमजानात संध्याकाळी बांग सुरू झाली की माझ्या हातातला पेला तोंडापर्यंत जात नाही. सगळं घर खजूर तोंडात टाकतं, आणि मी बांगेतलं 'हय्या अलस्सलाह', म्हणजे 'नमाजला या', कधी येतं याची वाट बघत बसते. ते शब्द धडपणे पार पडले, पुढची ओळ सुरू झाली, की मग मी पिते. लातूरला या घरात येऊन आता बरीच वर्षं झाली, तरी हे सुटलेलं नाही. पहिल्या वर्षी नवऱ्याने विचारलं, मी म्हणाले, घशाला सवय आहे. अम्मीला मात्र असलं काही चालत नाही. ती म्हणते, रोजा खोलायला उशीर करू नये, गुनाह कशाला डोक्यावर घेतेस? तिला कारण पक्कं माहीत आहे, म्हणूनच ती एवढ्यावर थांबते.

माझे अब्बा बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात मशिदीत बांग द्यायचे. पगार नावापुरता, पोट शेतावर. पण आवाज असा, की पलीकडच्या आळीतली आमची शेजारीण, जी हरतालिकेचा निर्जळी उपास करायची, ती म्हणायची, "तुमच्या मालकाचा आवाज आला की मला माझ्याच उपासाची तहान लागती बाई." ती आणि अम्मी ओट्यावर बसून घशाच्या गप्पा मारायच्या. उपास दोघींचे वेगळे, कोरड एकच.

रोजा म्हणजे भूक असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो धरलेला नसतो. भूक दुपारी दोनला येते आणि कंटाळून निघून जाते. घसा जात नाही. मे महिन्यातला रोजा असला की चारनंतर जीभ टाळूला चिकटते, गिळायला तोंडात काही उरत नाही, बोललं की घशात आतून कुणीतरी खरवडल्यासारखं होतं. नमाजेआधी हातपाय धुताना, वजू करताना, तोंडात पाणी घेता येतं, पण रोज्यात गरारा करायचा नाही, चुकून खाली उतरलं तर रोजा गेला. पाणी तोंडात येतं आणि घशाच्या दारातून परत जातं. त्यात अब्बांना सूर्य बुडाल्या बुडाल्या, दिवसभराच्या त्या कोरड्या घशातून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज काढायचा असायचा.

त्यासाठी अम्मीची एक रीत होती. पहाटे रोजा धरण्याआधीच्या जेवणात, सहरीला, लोणचं, पापड ताटात नाही. चहा अर्धा कप. दुपारी ती एक खजूर बी काढून पाण्यात भिजत घालायची, कारण कोरडा खजूर कोरड्या घशात चिकटून बसतो. संध्याकाळी चुलीच्या निखाऱ्यावर तांब्याभर पाणी कोमट करायची, टॉवेलात गुंडाळायची आणि मशिदीत पोहोचवायची. वेळ झाली की अब्बांनी आधी तो मऊ खजूर खायचा, मग तीन घोट पाणी. प्रत्येक घोट तोंडात धरायचा, जिभेवर फिरवायचा, मग हळूच सोडायचा. मग बांग. गाव तेवढा वेळ थांबायचं. नमाजनंतर घरी आल्यावर पातळ खीर किंवा भाताची पेज, भजी सगळ्यात शेवटी. आम्हा पोरांना ते अन्यायाचं वाटायचं. भज्यांचा वास येतोय आणि समोर पेज.

मला शिक्षिकेची नोकरी लागली त्या वर्षी मी घरात फ्रिज आणला. आमच्या घरातला पहिला. त्याच रमजानात ताईच्या बाळंतपणासाठी अम्मी लातूरला गेली. उन्हाळा आणि लेकीची काळजी, एवढं सगळं घेऊन जाताना ती मशिदीजवळच्या शिंपीकाकांना सांगून गेली होती की तांब्या तेवढा कोमट करून ठेवत जा. हे शिंपीकाका म्हणजे अब्बांचे मशिदीतले जोडीदार. अब्बा आजारी असले की तेच बांग द्यायचे. अम्मी त्यांना सांगून गेलीय, हे मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की घरातली बाई मी आहे, बाप उन्हात तापून आलाय, आणि माझ्याकडे फ्रिज आहे.

त्या दिवशी मी स्टीलच्या थर्मासमध्ये बर्फ घातला, गुलाबाचं लाल सरबत घातलं, वर पाणी ओतलं. झाकण लावताना हात बधिर झाले. दुपारनंतरच्या, अस्रच्या नमाजेला निघालेल्या अब्बांच्या हातात थर्मास दिला. त्यांनी तो कानाजवळ नेऊन हलवला, आत बर्फ वाजला. हसले. "थेट काश्मीरच की," म्हणाले.

संध्याकाळी मी दारात खजूर हातात धरून बसले होते. बांग सुरू झाली. पहिल्याच शब्दाला आवाज जरा दाटलेला वाटला, पण मी खजूर तोंडात टाकला. चार वेळा अल्लाहु अकबर. साक्षीच्या ओळी, दोन्ही शहादती. मग 'हय्या', आणि लाऊडस्पीकरमधून खोकला. एकदा, दोनदा, मग पुन्हा 'हय्या', या वेळी इतका जोर लावून की तो शब्द फाटलाच. त्यानंतर काही नाही.

लाऊडस्पीकर चालू होता. त्यातून नुसती घरघर येत होती, आणि त्या घरघरीत कुणीतरी श्वास घेत होतं. अख्खं गाव माझ्या बापाचा श्वास ऐकत होतं. शेजारच्या म्हातारीने दारातून विचारलं, "बेटा, रोजा खुलला का न्हाई? मी तर खजूर चावून राहिले." मी म्हणाले, खुलला, दादी. मग शिंपीकाकांचा आवाज आला. अर्धी राहिलेली बांग पुढून जोडत नाहीत, म्हणून त्यांनी पहिल्यापासून सुरू केली.

अब्बा घरी आले तेव्हा मी भजी तळत होते. काय झालं हे विचारण्याआधी मी काय विचारलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मी विचारलं, "अब्बा, पाणी थंड होतं का?"

ते पाटावर बसले. घशातून हवाच जास्त आली. म्हणाले, "लई थंड होतं, बेटा."

मी खूश झाले. खरंच झाले. मला वाटलं, ठसका लागलाय, उद्यापर्यंत बसेल.

दुसऱ्या दिवशी बांग शिंपीकाकांनी दिली. तिसऱ्याही दिवशी. अम्मी आठवड्याने परतली, तिने ओट्यावर पालथा घातलेला थर्मास पाहिला आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं आता फैरी झडणार. तिने थर्मास उचलून माळ्यावर टाकला आणि एवढंच म्हणाली, "कोरड्या गळ्यावर बर्फ?" मग चुलीकडे गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी कोमट पाण्याचे घोट, पेज, जेवणानंतर ज्येष्ठमधाची काडी चघळायला, झोपताना हळदीचं दूध. आणि बोलणं बंद. अब्बा गप्प राहण्यात तरबेज झाले.

ईदनंतर नांदेडला घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळीतून बघून सांगितलं की स्वरयंत्राच्या पडद्यावर जुनी गाठ आहे आणि जवळच रक्त साकळलंय. मी विचारलं, थंड पाण्याने झालं ना? ते म्हणाले, "थंड पाण्याने आवाज जात नाही. वर्षानुवर्षं कोरड्या घशानं जोर लावलाय यांनी. त्या दिवशी घटाघटा प्यायले असतील, ठसका लागला, आणि ठसक्यातच ओढून काढायला गेले. ते टाळायला हवं होतं." मला सोडवायला हे पुरेसं होतं. मी सुटले नाही. घटाघटा का प्यायले? माझ्या अब्बांना तीन घोटांची सवय होती.

आवाज थोडा परत आला, बोलण्यापुरता. बांग त्यांनी पुन्हा दिली नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, अर्धी राहिली ती राहिली. रमजानात संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे, शिंपीकाकांची बांग सुरू झाली की ओठ हलायचे. 'हय्या' आलं की ओठ थांबायचे. मी पाहायचे आणि घरात निघून जायचे. तेव्हापासून माझा हात थांबायला लागला.

अब्बा गेले त्याला आता काही वर्षं झाली. यंदा फेब्रुवारीत, रोजे सुरू व्हायच्या आधी, मी गावी गेले होते. शिंपीकाका आता थकलेत, मशीनवर बसत नाहीत, पण बांग अजून तेच देतात. मी त्यांना विचारलं. एवढी वर्षं हिंमत झाली नव्हती. मी म्हणाले, त्या दिवशी काय झालं, तुम्ही तिथंच होता ना?

काकांनी मला आधी बसायला लावलं. मग म्हणाले, "तुझ्या अम्मीनं सांगितलं होतं, म्हणून म्या तांब्या कोमट करून ठेवला होता. त्यांच्या म्होरंच होता. थर्मासातलं झाकणात ओतलं तर बोटाला चटका बसावा असं थंड. म्या म्हणलं, भाईजान, ऱ्हाऊ द्या ते, तांब्यातलं घ्या, बांग द्यायचीय. तर म्हणाले, घरी गेलो की पोरगी विचारणार हाय, थंड होतं का म्हणून. तिला झूट कसं सांगू?"

"मग तीन घोट घ्यायचे," मी म्हणाले.

"तेच घ्यायला गेले. पर तोंडात धरवना, दातच कळायला लागले. तोंडातून काढून बी टाकवना, तुझं व्हतं म्हणून. गिळलं तसंच, घटाघटा."

मी तिथून उठले तेव्हा अस्रची वेळ झाली होती. काकांचं तोंड बोलून बोलून सुकलं होतं. मी त्यांच्या घरात गेले, गॅसवर तांब्याभर पाणी ठेवलं, बोट बुडवून बघितलं. कोमट झाल्यावर त्यांना आणून दिलं. त्यांनी घोट घेतला आणि मी विचारायच्या आतच म्हणाले, "बरोबर हाय बेटा, एकदम बरोबर."