सव्वाचारची पहिली पाळी

माझी मुलगी वीस महिन्यांची होती तेव्हा पहाटे सव्वाचारला उठायची. रोज. रविवारी उठायची, सणासुदीला उठायची, आदल्या दिवशी ताप येऊन गेला असला तरी उठायची. उठायची म्हणजे कुरकुरत नाही, चांगली टवटवीत. माझ्या पापण्या बोटांनी वर करून बघायची आणि मी आत आहे की नाही याची खात्री करून घ्यायची. मग गादीवरून उलटी घसरत खाली उतरायची आणि दाराशी जाऊन थापा मारायची, कारण दारापलीकडे स्वयंपाकघरात दिवा लागलेला असायचा आणि तिथे आबा असायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. रसायनीच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं काढलेला माणूस, आणि त्यातली बहुतेक वर्षं पहिली पाळी. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी चारला त्यांचे डोळे उघडतात म्हणजे उघडतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे आपला चहा आपणच करायचा ही सवयही जुनी. दहिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आबा चारला ट्यूब लावायचे, आधण ठेवायचे आणि दारावर थापा पडल्या की म्हणायचे, “आली गं बाय माझी पयल्या पाळीला!” मग मांडीवर घेऊन तिला दुधात बिस्किट बुडवून भरवायचे. पावणेसातला ते सायकलवर टांग टाकून पळसदरीला जायचे. तिथे मुंबईच्या एका कुटुंबाच्या फार्महाउसवर ते राखणदारी करतात. ते गेले की सात वाजता मुलगी पेंगायला लागायची आणि शेजारच्या काकूंकडे पोचवेपर्यंत खांद्यावरच झोपायची. ती झोपायची आणि मी खालापूरला कामावर जायची, याचा मला भयंकर हेवा वाटायचा.

आमच्या घरात नवराही पाळ्यांचा माणूस, त्याचाही कारखाना रसायनीलाच. त्यामुळे झोपेचा हिशोब सगळे पाळीच्या भाषेत करायचे. नवरा म्हणाला, “सोपं आहे. उशिरा पाळी सुटली की माणूस उशिरा उठतो. तिला साडेदहापर्यंत जागवायची.” मला हे पटलं, कारण झोप न झालेल्या माणसाला काहीही पटतं. आम्ही तिला जागवलं. गाणी म्हटली, पाळीपाळीने घोडा झालो, ओसरीवर फेऱ्या मारल्या. साडेनऊला ती रडकुंडीला यायची, दहाला वेड्यासारखी हसत पळायची आणि साडेदहाला कोसळायची. सकाळी उठायची चारला. म्हणजे आम्ही कमावली काय, तर पंधरा मिनिटं आधीची पहाट.

यात गंमत वाटायची ती एका दिवसापर्यंत. मी खालापूरला एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. त्या दिवशी दोन वेगळ्या बायकांच्या नळ्यांवर मी एकीच्याच नावाची चिठ्ठी लावली. मशीनमध्ये घालायच्या आधी माझं मलाच दिसलं आणि दोघींचं रक्त पुन्हा घेतलं. नसतं दिसलं तर? कुणाच्या तरी साखरेवर कुणाला तरी गोळ्या सुरू झाल्या असत्या. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, महिन्याभरात हे सुधारलं नाही तर मी नोकरी सोडणार. मला ते काम आवडतं, हे सांगताना मला रडू आलं.

कर्जतला लहान मुलांच्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांनी मुलीला तपासलं, कान बघितले, रात्री घोरते का, तोंडाने श्वास घेते का विचारलं. ते सगळं ठीक होतं. मग त्यांनी तिच्या झोपेच्या वेळा विचारल्या आणि मी सांगत गेले तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

“लहान मूल फार दमलं की गाढ झोपत नाही, उलट लवकर जागं होतं,” त्या म्हणाल्या. “तिला लवकर झोपवा. एकदम नको, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणत आठपर्यंत या. सकाळी सातची झोप ही तिच्या रात्रीचाच तुटलेला तुकडा आहे. ती हळूहळू पुढे ढकलत दुपारी जेवणानंतर न्या. खोलीत अंधार ठेवा, पहाटे उठली तरी दिवा नाही, गप्पा नाहीत, खाणं नाही. आणि सातपर्यंत झोपेल अशी आशा धरू नका. या वयाची कितीतरी मुलं सहाला उठतात. सहा ही तिची सकाळ, ती तुम्हाला मान्य करावी लागेल.”

मी सगळ्याला मान हलवली. मग त्यांनी विचारलं, “चार वाजता घरात कुणी जागं असतं का?”

मी म्हटलं, “नाही.”

का खोटं बोलले ते मला नीट माहीत होतं. आबांचं नाव मला तिथे घ्यायचं नव्हतं. सासरा चहा करतो, नातीला मांडीवर घेतो, यात सांगण्यासारखा गुन्हा कुठला? घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, आबांशी तू बोल. तो म्हणाला, “तूच बोल, तुझं ऐकतात.” बापाशी बोलायची वेळ आली की आमच्याकडचे मर्द असे सुनेला पुढे करतात.

मग मी एक भ्याडपणा केला. खिडकीवर जाडी गोधडी टांगली, कारण बाहेर रस्त्याचा दिवा होता, तिथवर ठीक. पण स्वयंपाकघराच्या दाराच्या वर काचेची झडप आहे, तिच्यातून आबांच्या दिव्याचा उजेड आत यायचा, तिच्यावर मी काळा कागद चिकटवला, आणि दाराच्या फटीत जुनी साडी कोंबली. आबा पळसदरीला असताना केलं. संध्याकाळी ते आले, वर बघितलं, आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मुलगी उठली आणि दाराशी गेली. पलीकडे आवाज नव्हता. भांड्याचा नाही, लायटरचा नाही, खोकल्याचा नाही. तिला कशीबशी थोपटून झोपवून मी बाहेर आले तर आबांचं अंथरूण गुंडाळलेलं आणि चपला गायब. सायकल जागेवर होती. पावणेसहाला ते आले तेव्हा मी पायरीवर बसले होते.

“कुठे गेला होतात, आबा?”

“कुठं नाय. मोरीवर बसलो व्हतो.” मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जातं तिथला कठडा. “घरात दिवा नको ना तुला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नळ्यांचं, नोकरीचं, डॉक्टरबाईंचं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि वर रडलेसुद्धा. आबांनी ऐकून घेतलं.

“मंग तोंडानं सांगायचं ना गं पोरी. कागद कशापायी?” ते म्हणाले. मग चपला काढता काढता म्हणाले, “तुझा नवरा उठताना मी कदी बघितला नाय. पावणेपाचला घर सोडायचो, पोरगं निजलेलं. सुट्टीच्या दिवशी मी निजलेला. ही उठून येते न् मांडीवर बसते, तर मला वाटायचं, चला, ऱ्हायलेलं मिळतंय.”

लवकर झोपवायचं म्हणजे आबांना दुहेरी फटका होता, हे मला तेव्हा कळलं. ते संध्याकाळी साडेसातला घरी यायचे. आठला मुलगी झोपली तर संध्याकाळचा अर्धा तास, आणि सहाला उठली तर सकाळचा पाऊण तास, एवढीच नात त्यांच्या वाट्याला उरणार होती. पहाटेचे पावणेदोन तास मी माझ्या झोपेसाठी मागत होते. मी तसं बोलूनही दाखवलं. आबा म्हणाले, “तू लोकांचं रक्त घेतेस. तुझे डोळे उघडे पायजेत.” आणि उठून अंघोळीला गेले.

पहिला आठवडा वाईट गेला. मुलगी चारला उठून दाराशी आडवी पडून ओरडायची. मी अंधारात नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची. गाणं नाही, बोलणं नाही, आणि बिस्किट तर नाहीच. भूक लागली असेल अशी शंका यायची, पण रात्रीच्या जेवणात मऊ भात नि वरण नीट जात होतं. काकूंनी सकाळची झोप पुढे ढकलताना तिला कोंबड्या दाखवल्या, बादलीत खेळवलं, आणि मला दोनदा ऐकवलं की आमच्या पोरांना कुठल्या डॉक्टरनं झोपवलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दुपारची एकच झोप जमली. रात्रीची वेळ सव्वाआठवर आली. सकाळ आधी पावणेपाचवर गेली, मग पाचवर. एक दिवस साडेपाच झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचार. मी वैतागले, पण वेळा सोडल्या नाहीत.

आबा चारला उठतच होते. ते त्यांच्या हातात नव्हतं. पण दिवा नाही, गॅस नाही. नुसते उठून बसतात एवढं मला माहीत होतं. कुठे बसतात ते मी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पाचच्या सुमाराला मुलगी चाळवली. डोळे मिटलेलेच होते. तिने हाक मारली, “आबा.” थांबली. पुन्हा, जरा मोठ्यांदा, “आबा.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि दहा-बारा मिनिटांत तिचा श्वास पुन्हा लांब झाला. ती परत झोपली, आपली आपण, पहिल्यांदाच. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. घशाला कोरड पडली होती म्हणून मी पाणी प्यायला हळूच दार उघडलं.

आबा दाराला लागूनच जमिनीवर बसले होते. अंधारात, भिंतीला पाठ टेकून. खोकला दाबायला पंच्याचा बोळा तोंडावर धरलेला होता.

“हाक मारत व्हती गं,” ते कुजबुजले. “दोनदा.”

“ऐकलं मी, आबा.”

“मी ओ दिली नाय.”

पाणी प्यायचं राहिलं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले. सून सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून जमिनीवर बसत नाही आमच्याकडे, पण बघायला कोण होतं? चहाशिवाय बसलेल्या त्या माणसाच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता. खिडकीतून डोंगराची कड दिसायला लागली, कुणाच्या तरी घरी नळाला पाणी आलं, दुधाची गाडी वाजत गेली.

सहाला तीन मिनिटं होती तेव्हा आतून खाट करकरली. मग पावलं. मग दारावर थाप, आणि खणखणीत जाग्या आवाजात, “आबा!”

आबांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागताना लहान मुलं बघतात तसं. पासष्टी उलटलेला माणूस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. उठून स्वयंपाकघराचा दिवा लावला आणि म्हटलं, “सकाळ झाली, आबा. ओ द्या.”

त्यांनी तोंडावरचा पंचा काढला. पहिली ओ घशातच अडकली. दुसरी शेजारच्या काकूंनाही ऐकू गेली.