गोणपाटात बांधलेला भात

कामठ्याला लग्न होऊन आली त्याच वर्षाची गोष्ट सांगते. आठवली की आजही माझं डोकं तापते.

रोवणीचे दिवस होते. बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला बारा बाया यायच्या, न्याहरी आमच्याकडची. सासूबाई दुपारी गंजभर भात जास्तच रांधायच्या. उरलेला वाफाळता भात गंजात दाबून भरायच्या, झाकण घालून वर गोणपाट गुंडाळायच्या आणि चुलीजवळ ठेवायच्या. का, तर गरम राहिला म्हणजे नासत नाही! उरलेलं वरणही तिथंच. सकाळी दोन्ही चुलीवर कढवलं की झाली बायांची न्याहरी. घरच्यांना मात्र ताजा भात बरं का!

एक दिवस न्याहरी होऊन घटकाभर झाली नसेल, तिघी बाया बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून भडाभडा ओकायला लागल्या. एक तर अंगावर पाजणारी, तिला उभंही राहवेना. मी पाणी घेऊन धावली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पावसानं झालं," म्हणाल्या. "नाहीतर कामाचा कंटाळा."

बायांतली म्हातारी उसळली, "पाटलीणबाई, पाऊस काय तिघींच्याच पोटात पडला? आमी बी शिळंच खातो. पण भात पसरून थंडा करतो, मग थंड्या पाण्यात ठेवतो, सकाळी खाऊन मोकळं. तुमी त भाताले गोधडीत निजवता! बाळंतीण हाय काय थो?"

"मी खळखळ उकळते वो! कायले बिघडंल?"

"उकळून जात असतं त ह्या काऊन ओकून राहिल्या? उद्या हाच भात असंल त आमी येत नाही. लावा तुमचे पऱ्हे तुमीच."

पऱ्हे आधीच उंच झाले होते. आणखी चार दिवस थांबलं तर पीक बुडालं असतं. तरी संध्याकाळी पाहते तर गोणपाट पुन्हा चुलीजवळ! माझ्या डोळ्यांपुढे ती लेकुरवाळी आली. गंज उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला.

"तुह्या बापानं धाडले होते काय तांदूळ?" सासूबाई ओरडल्या.

"नाही आत्याबाई. त्या बायांनीच लावले होते," मी म्हणाली.

त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही. ठीक आहे. पहाटे उठून मीच ताजा भात, ताजं वरण केलं. बाया आल्या, रोवणी पार पडली. पुढं उरलेला भात मी परातीत पसरून निववायची, मग माठातल्या पाण्यात घालून सकाळी आधी आम्हीच घरचे खायचो. वरण उरू द्यायची नाही. उरलंच तर रात्री जेवणाआधी पुन्हा उकळून संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही.

आणि सासूबाई? मरेपर्यंत गावभर सांगत फिरल्या की त्या तिघींना पाऊस बाधला, अन् सून अन्नाची नासाडी करणारी निघाली.