वखारीचं छप्पर कोणी उतरवलं?

रेवसला धक्क्याच्या अलीकडे माझ्या आत्याची सुक्या मासळीची वखार होती. तिच्याकडून बोंबील-जवळा उचलणाऱ्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फारच लकडा लावला, म्हणून तिने वखारीचा आणि आतल्या मालाचा आगीचा विमा उतरवला. विम्याचा कागद इंग्रजीत. हप्ता घेताना कंपनी कोणाला काही वाचून दाखवत नाही. तिचे वाचन सुरू होते ते पैसे द्यायची पाळी आल्यावर.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या माडाच्या झापांच्या मांडवात होडीला लावायचे डांबर तापत होते. ते उतू गेले आणि मांडव पेटला. आम्ही पोरे तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला दारूच्या गुत्त्यावर पिकेटिंग करत होतो. धूर दिसताच खादीच्या टोप्या घालूनच धावत आलो. वारा वखारीकडे वाहत होता. आमच्या किनाऱ्यावर अशा वेळी पाण्याच्या आधी शेजारच्या छपराला हात घालतात. पेटायला काही उरलेच नाही तर आग पुढे जाणार कशी? आम्ही पश्चिमेकडची कौले खाली फेकली, वासे ओढून काढले, मालावर खाऱ्या पाण्याच्या घागरी ओतल्या. वखारीचा एक कोपरा जळाला आणि बरीच मासळी भिजून गेली, पण मागची सगळी वस्ती वाचली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा पाहणीदार लाँचने आला. कोटटोपीवाला, बोलायला गोड. सगळीकडे फिरून तो ओट्यावर टेकला आणि आत्याला म्हणाला की जळालेल्या कोपऱ्याचे बघू, पण छपराचे अवघड आहे. मालकाने आपल्या हाताने केलेली मोडतोड कंपनी भरून देत नाही. मग त्याने आवाज खाली आणला. "बाई, छप्पर तुम्ही नाही मोडलंत. त्या पिकेटिंगवाल्या पोरांनी मोडलं. तसं लिहून द्या, चार नावं घाला. तुमच्यावर काही येणार नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिले. पावसाआधी छप्पर चढले नाही तर तिची वखार संपली होती, आणि नवे वासे घेण्याची तिची ऐपत नव्हती. ओट्याखाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांपैकी एकजण पुटपुटलासुद्धा, "लिव की. पोरांना काय, तशी पन जेलात जायचीच हौस हाय."

मी मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी पणाला लावून तो कागद आदल्या रात्री वाचून काढला होता. युद्ध, परचक्र, बंड, दंगा: यांतून झालेले नुकसान भरपाईच्या बाहेर, असे त्यात एका दमात लिहिले होते. म्हणजे आत्याने आमची नावे घातली की हा गृहस्थ आगीवर दंग्याचा शिक्का मारणार. छपराचे जाऊ द्या, जळालेल्या कोपऱ्याचेही मिळाले नसते, आणि वर पोलिसांच्या हाती आयता कागद पडला असता.

मी ते कलम मोठ्याने वाचले, मराठीत अर्थ सांगितला आणि विचारले, "रेवसच्या धक्क्यावर कुठल्या राजाची फौज उतरली होती, साहेब? दगड तरी कोणी मारला? डांबरवाला इथेच उभा आहे, त्याला विचारा."

डांबरवाल्याने मान खाली घातली आणि व्हय, डांबर माझंच उतू गेलं, असे म्हटले.

"मग छप्पर मोडलं कोणी?" पाहणीदार म्हणाला.

"मी," आत्या म्हणाली. "मी खाली उभी ऱ्हाऊन सांगितलं, काढा कौलं. पोरांनी माझं ऐकलं. लिवा."

"मग ते जाणूनबुजून झालं, बाई."

"व्हय, जाणूनच. आग येत व्हती ना. गप उभी ऱ्हायले असते, सगळी वखार जळली असती, तर तुमी सगळी भरून दिली असती?"

मी पुढे सरसावलो. पैशासाठी आपलेच घर मोडणे निराळे आणि आग अडवण्यासाठी मोडणे निराळे. हे दुसरे नुकसान आगीचेच, आणि हे मुंबईतल्या तुमच्या साहेबांना चांगले ठाऊक आहे. नसेल तर मी पत्रक छापून गावोगाव वाटतो, असेही सुनावले. तो हसला. "आणि ते मधले दोन खांब? तेही आगीने पडले?"

भरपाईच्या मागणीत ते मीच घातले होते. लुटारूंकडून जेवढे उकळता येईल तेवढे उकळावे, हे माझे तेव्हाचे मत, आणि आजही ते फारसे बदललेले नाही. आत्या मात्र ताडकन म्हणाली, "ते वाळवीनं खाल्ले. आगीच्या आधीच गेले व्हते. काढून टाका." झिजलेले, कुजलेले कंपनी देत नाही, हेही त्याच कागदात होते आणि त्यात तिला काही वावगे वाटले नाही. मी चडफडलो.

त्याने खांब खोडले, आणि छप्पर मालकिणीच्या सांगण्यावरून आग रोखण्यासाठी उतरवले, असे लिहिले. नाव एकाही पोराचे नाही. आत्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, मगच अंगठा उठवला.

पैसे पावसाच्या तोंडावर आले. वाशांच्या जुनेपणाचे कापून घेतलेले, पण आले. छप्पर चढवायला आम्ही सगळे गेलो, टोप्या घालूनच. कोपऱ्यावर पोलीस उभा होता. आत्याने त्याला हाक मारली आणि म्हणाली, "बघ बाबा, दंगा चाललाय. कौलं दे वर."