वजनं कोणाची

साठचं दशक संपत आलं होतं आणि अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नवा अधिव्याख्याता होतो. शेवटच्या वर्षाला नियंत्रणशास्त्र शिकवायचं माझ्याकडे आलं होतं. त्यात मला एक नवी रीत घालायची होती, जी तेव्हा जेमतेम काही वर्षांची होती आणि आमच्याकडे कोणीच शिकवत नव्हतं. विभागप्रमुख सरांनी नुसतं ऐकूनच मान हलवली, ती आडवी.

रीत सांगायला सोपी आहे. एखादं यंत्र जागेवर आणायचं तर दोन गोष्टी नकोशा असतात: जागेपासूनची चूक आणि खर्च होणारा जोर. दोन्हींचे वर्ग घ्यायचे, प्रत्येकाला एक वजन द्यायचं, आणि सगळ्या काळाची बेरीज कमीत कमी होईल असा जोर शोधायचा; त्यालाच सर्वोत्तम म्हणायचं. वजनं एकदा ठरली की उरलेलं काम रिकाटी नावाचं समीकरण करतं. त्यातून किती चुकीला किती व्होल्ट द्यायचे ते आकडे बाहेर पडतात. अंदाजाने बटणं पिळत बसायला नको.

सरांसमोर दाखवायला माझ्याकडे एक लहान डीसी मोटर होती. तिच्या दांड्याला गिअर, गिअरवर काटा, काट्याचा कोन मोजायला पोटेन्शिओमीटर, वेग मोजायला टॅकोमीटर. काटा तीस अंश सरकवून सोडायचा आणि तो आपणहून शून्यावर येऊन थांबला पाहिजे, एवढंच.

पहिल्या वेळी मी पुस्तकी शहाणपण केलं. सगळी वजनं एक-एक घेतली. हाताने गणित करणारा प्रत्येक जण तेच घेतो, कारण गुणाकार वाचतात. समीकरण अगदी बिनचूक सुटलं आणि काटा जागचा हलला नाही. माझं गणित तीस अंशांच्या चुकीला अर्धा व्होल्ट देत होतं आणि तेवढा तर ब्रशच्या घर्षणातच जिरत होता. मग मी चिडून चुकीचं वजन दहा हजार केलं. आता गणित पन्नास व्होल्ट मागायला लागलं, आणि मोटरला वीज पुरवणारा आमचा ॲम्प्लिफायर बाराच्या वर एक थेंब देत नव्हता. काटा शून्याशी पोचला खरा, पण गिअरच्या ढिलाईत तिथेच थरथरत राहिला, हिवताप भरल्यासारखा.

सर खुर्ची ओढून शांतपणे बघत होते. म्हणाले, "कावून रे, सर्वोत्तम रीत हेच का? वजनं तू मनानं ठरवतं, मंग उत्तर आलं की म्हनतं हे सर्वोत्तम. आमी बटन पिळतो, तू वजन पिळतं. फरक काय झाला?"

मी काहीतरी बोलायला गेलो तर ते उठलेच. "पुढच्या हप्त्यात एकदा पायतो. नाई जमलं तर पोरांले जुनंच शिकव. त्यायची परीक्षा तुझ्या हौसेसाठी नाई."

राग आला, आणि चांगलाच आला. पण खरं सांगायचं तर राग त्यांच्या नकाराचा नव्हता. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याचा होता. शनिवारी बडनेऱ्याहून अकोल्याला घरी निघालो तेव्हा पॅसेंजरच्या लाकडी बाकावर मी कोणाशी धड बोललो नाही. शेजारचे गृहस्थ सरकीच्या भावाबद्दल विचारत होते, त्यांच्याकडे मी चक्क पाठ फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

मुर्तिजापूर गेलं असेल. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: कोनाचा एक रेडियन आणि विजेचा एक व्होल्ट यांना मी सारखंच वजन दिलं होतं, जणू त्या दोघांची किंमत सारखी. कोणी ठरवली ती किंमत? कोणीच नाही. मी वजनं मनाने ठरवली हा सरांचा आरोपही खोटाच होता. मी ती ठरवलीच नव्हती, आळसाने एक लिहून मोकळा झालो होतो. वजन म्हणजे काय चालेल आणि काय चालणार नाही याचं बोलणं आहे, आणि ते ज्याला यंत्र वापरायचं त्याने बोलायला हवं. घरी पोचलो तोवर मी ठरवलं होतं की ही वजनं आता मी देणारच नाही.

पुढच्या हप्त्यात सर आले. मी फळा कोरा ठेवला होता.

"सर, आज वजनं तुमी ठरवा," मी म्हणालो. "सुरुवातीची चूक किती धरू?"

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तीस अंश म्हनलं ना. अर्धा रेडियन धर."

"अन् व्होल्ट?"

"बाराच्या वर हाय का तुह्यापाशी? बारा."

"वेग?"

"कितीबी होऊ दे. जागेवर थांबला म्हंजे झालं."

तेवढ्यावर मी खडू उचलला. जास्तीत जास्त जेवढं चालतं त्याचा वर्ग करायचा आणि एकाला त्याने भागायचं, की झालं वजन: कोनाला चार, वेगाला शून्य, व्होल्टला एकशेचव्वेचाळिसावा भाग. मोटरचे दोन आकडे आधीच मोजून ठेवले होते: एका व्होल्टला चार इतकं कोनीय त्वरण, आणि वेगाच्या दुप्पट रोध. कोन आणि वेग अशा दोनच गोष्टींचं यंत्र, म्हणून रिकाटीच्या मॅट्रिक्समध्ये अज्ञात संख्या तीनच आणि समीकरणंही तीनच. पहिल्यातून कोनाचा आकडा सरळ निघाला: एका रेडियनला चोवीस व्होल्ट. दुसरं वर्गसमीकरण होतं. वेगाला वजन शून्य देऊनही गणिताने वेगावर लगाम मागितलाच, आणि त्याची दोन उत्तरं आली: तीन, किंवा उणे चार.

सर लगेच पुढे सरकले. "दोन हाय. तीनच कावून घेतलं? मनानं?"

"नाई सर. उणे चार घेतलं तर नुसत्या वेगाचा खर्च ऋण निघते. आपन वर्गांची बेरीज करून रायलो, ते शून्याच्या खाली कशी जाईन?"

"फळ्यावर कायबी जाते. लावून दाखव."

हे मी धरलं नव्हतं. टॅकोमीटरची जोडणी उलटी करून मी वेगाचं बटण चारवर आणलं आणि काटा तीस अंशांवरून सोडला. तो शून्य ओलांडून थेट काट्याला अडवायला लावलेल्या पलीकडच्या रबरावर आदळला, मग अलीकडच्या. मी स्विच पाडला.

मग जोडणी सरळ केली, बटण तीनवर ठेवलं आणि पुन्हा सोडला. काटा निघाला, शून्याजवळ आला, केसभर पुढे गेला, परतला आणि थांबला. सेकंदही पुरा झाला नसेल. मीटरची सुई सुरुवातीला बारापर्यंत गेली होती आणि तिथूनच खाली आली होती.

सर वाकून काट्याकडे बघत राहिले. "अंशभर कमी पडला."

"घर्षण आहे सर. समीकरणात घेतलं नव्हतं."

"हं." ते सरळ झाले, आणि स्वतःच्या हाताने काटा सरकवून सोडला. मग आणखी एकदा. कितीतरी वेळ ते खेळत होते आणि मी फळ्याला टेकून उभा होतो. मला फार आनंद झाला होता आणि तो लपवायचा मला कंटाळाही आला होता.

जाताना ते दारात थांबले. "शिकव मंग," म्हणाले. "पन सर्वोत्तम म्हनू नको. मी बाराच्या जागी सहा म्हनलं असतं तर तुह्या समीकरणानं तेबी सर्वोत्तमच म्हनलं असतं. बारा का सहा, हे मले कोनी विचारलंच नव्हतं, म्हनून मी इतके दिवस नाई म्हनत होतो."

ते वळून गेले आणि मी फळा पुसायला घेतला. चार, शून्य, एकशेचव्वेचाळिसावा भाग. पुसायला मन होईना. मी त्यांना पटवलं होतं, पण वजनं त्यांची होती, म्हणून उत्तरही माझं नव्हतं, त्यांचं होतं. वजनं अशी कोणाची तरी असावी लागतात, हे मला त्यांच्याकडून कळलं.